मदत मागताना एकच मागा

तुमच्या मोबाइलवर गेल्या महिन्यात संस्थेसाठी मदत मागणारा एखादा व्हिडिओ नक्कीच आला असेल. घरच्या ग्रुपवर काकांनी टाकलेला, नाहीतर कॉलेजच्या एनएसएस ग्रुपवर. आता आठवून सांगा, त्यात नेमकं काय मागितलं होतं? किती रुपये? कशासाठी? आठवत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. तुमचं मन कठोर झालेलं नाही. बहुतेक वेळा तो व्हिडिओच चुकीचा लिहिलेला असतो. हे मी खात्रीने सांगते, कारण तसला एक व्हिडिओ मीच बनवलाय.

इतवारीत आमच्या ओळखीच्या एका काकांची छोटीशी संस्था आहे. एका जुन्या वाड्यातली तळमजल्यावरची खोली, आणि तिच्यात व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्च्या, हवेच्या गाद्या असं रुग्णांचं सामान. ज्याला गरज आहे त्याने छोटी अनामत भरायची, सामान घरी न्यायचं, काम झालं की परत आणून द्यायचं आणि अनामत परत घ्यायची. काका बँकेतून रिटायर झालेले. मी मास कॉमला आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "पोरी, तू एवढं शिकून राहिली, तर आमचा एक व्हिडिओ बनवून दे ना. पैसे कमी पडून राहिले."

मी उत्साहात चार मिनिटं चाळीस सेकंदांचा व्हिडिओ केला. सुरुवातीला संस्थेचं बोधचिन्ह आणि बासरी. मग दीपप्रज्वलनाचे फोटो, अध्यक्षांचं मनोगत, कोणकोणतं साहित्य आहे त्याची यादी, देणगीदारांचे सत्कार, आणि शेवटी 'सढळ हाताने मदत करा'. त्याखाली बँकेचा खाते क्रमांक, दोघांचे मोबाइल नंबर, एक क्यूआर कोड आणि 'जुनं साहित्यही स्वीकारलं जाईल'. ग्रुपवर टाकला. हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस पडला. 'खूप छान कार्य', 'सलाम'. खात्यात मात्र काहीच हललं नाही.

पंधरा दिवसांनी मी माझ्याच वर्गातल्या एका मुलीला विचारलं, "त्या व्हिडिओत तुला काय करायला सांगितलं होतं?" ती म्हणाली, "शेअर करायला?" तिथे माझी चूक मला कळली. माझं म्हणणं असं आहे की छोट्या संस्थेच्या व्हिडिओत एका माणसाची गोष्ट, एक मागणी आणि पैसे द्यायचा एक मार्ग, एवढंच असावं. बाकी सगळं खरं असलं, चांगलं असलं, तरी ते दुसरीकडे जावं.

हे काही परदेशातून आलेलं मार्केटिंगचं तंत्र नाही. आपल्या विदर्भातच त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे. वर्धा जिल्ह्यात जन्मलेल्या सिंधुताई सपकाळ वर्षानुवर्षं गावोगावी भाषणं करत फिरल्या आणि त्या भाषणांवरच त्यांनी अनाथ मुलांचं पोट भरलं. त्यांच्या भाषणाची बांधणी आठवून पाहा. गोष्ट एकच, त्यांची स्वतःची: दिवस भरलेले असताना नवऱ्याने घराबाहेर काढलं, गोठ्यात मुलगी झाली, नाळ दगडाने तोडली, पोटासाठी रेल्वेत गाणं म्हटलं. संस्था अनेक होत्या, मुलं शेकडो होती, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गोठ्यातली ती एकच बाई उभी राहायची. मग मागणी: माझ्या लेकरांसाठी द्या. आणि शेवटी पदर पसरलेला. द्यायचं कुठे, कसं, हा प्रश्नच उरत नसे. पदर एकच असतो, आणि तो तुमच्या समोर असतो.

एका माणसाची गोष्ट आकड्यांपेक्षा जास्त चालते, हे प्रयोगातही दिसलंय. २००७ मध्ये डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक या तिघांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. एक प्रश्नावली भरून दिल्याबद्दल लोकांना पाच डॉलर दिले आणि त्यातले हवे तेवढे एका बालकल्याण संस्थेला देता येतील असं सांगितलं. काहींना आफ्रिकेतल्या उपासमारीचे आकडे वाचायला दिले. त्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले. काहींना मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीबद्दल वाचायला दिलं. त्यांनी २.३८ डॉलर दिले. आता तिसरा गट नीट पाहा, कारण आपण सगळे तीच चूक करतो. त्यांना रोकियाची गोष्टही दिली आणि आकडेही दिले. आपल्याला वाटेल, आता तर सगळ्यात जास्त मिळतील. मिळाले १.४३. आकड्यांनी गोष्टीला बळ दिलं नाही, उलट तिची हवाच काढली.

म्हणजे माझ्या पहिल्या व्हिडिओत 'आजवर इतक्या रुग्णांना लाभ' ही ओळ निरुपद्रवी नव्हती. ती नुकसान करत होती. हा प्रयोग अमेरिकेतल्या एका विद्यापीठात झाला, इतवारीत नाही, हे मान्य. पण आपल्या ग्रुपवरचे हात जोडलेले इमोजी त्याच दिशेने बोट दाखवतात.

दुसरा व्हिडिओ लिहायच्या आधी मी काकांना विचारलं, "आत्ता या खोलीत नेमकं काय कमी पडतंय?" ते म्हणाले, "सगळंच." मी म्हटलं, सगळं नाही, एक सांगा. त्यांनी नोंदवही काढली. व्हीलचेअर तीन उभ्या होत्या, वॉकर भरपूर होते. हवेच्या गाद्या चार, चारही बाहेर, आणि वाट पाहणाऱ्यांची तीन नावं. मागणी तिथेच सापडली. संस्थेला काय हवंय ते भाषणात सापडत नाही, नोंदवहीत सापडतं.

हवेची गादी म्हणजे काय, हे मलाही माहीत नव्हतं. अंथरुणाला खिळलेला माणूस एकाच स्थितीत पडून राहिला की माकडहाड, टाचा, नितंब इथे हाड आणि अंथरूण यांच्यात कातडी चेपली जाते, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि जखम होते. या गादीत कप्पे असतात. छोटा पंप ते आळीपाळीने फुगवतो आणि सोडतो, त्यामुळे भार एकाच जागी राहत नाही. पण तिच्याने सगळं होत नाही. पेशंटला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावीच लागते. लाइट गेली की पंप बंद. आणि सुई किंवा नख लागून कप्पा फुटला की गादी निकामी. हे समजून घेतल्याचा एक फायदा झाला. माझ्या कच्च्या स्क्रिप्टमध्ये 'तुमच्या शंभर रुपयांनी एक जीव वाचेल' असं वाक्य होतं. गादी जीव वाचवत नाही. ती जखम टाळायला मदत करते. मी ते वाक्य काढलं.

आता गोष्ट कुणाची? यादीतल्या तीन नावांपैकी एकाची घ्यायची, असं मला पटकन वाटलं होतं. 'यांना आज गादी हवी आहे, तुम्ही दिलीत तरच मिळेल.' ऐकायला जोरदार वाटतं. पण थोडा विचार करा. त्या माणसाला सांगायचं की तू कॅमेऱ्यासमोर बोल, मग पैसे येतील, मग तुला गादी मिळेल. तो नाही कसं म्हणणार? म्हणून मी अशा माणसाकडे गेले ज्याच्याकडे गादी आधीच पोचली होती. तो नाही म्हणाला असता तरी त्याचं काही बिघडणार नव्हतं. होकार त्यालाच म्हणायचं.

ते भाऊ किराणा ओळीत हातगाडीवर माल ओढायचे. माल उतरवताना पडले आणि कंबरेखालचं हलणं गेलं. मी शूट करत असताना बोलता बोलता ते रडले. मला वाटलं, मिळाला आपल्याला शॉट. एडिट करून दाखवायला नेला तर वहिनींनी पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, "ताई, हे तेवढं काढून टाका. उद्या ते बाजारात जातील, तर लोक रडका हमाल म्हणतील." मी काढलं. ज्याची गोष्ट आहे त्याने तयार व्हिडिओ आधी पाहायचा आणि त्याने सांगितलं ते काढायचं, हा नियम मी तिथून घेतला. गोष्ट मुलाची असेल तर हा फक्त सभ्यतेचा प्रश्न राहत नाही. बालगृहातल्या किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख माध्यमांत उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे, आणि त्यासाठी शिक्षाही आहे. डोळ्यांवर काळी पट्टी लावली आणि मागे शाळेची पाटी दिसत राहिली, तर ओळख लपत नाही.

मग रक्कम. 'सढळ हाताने' ही रक्कम नाही, कारण ती ऐकून कुणालाच कळत नाही की आपले शंभर फार कमी आहेत का. आपल्याकडे हे शंभरेक वर्षांपूर्वी अंताजी दामोदर काळे यांना कळलं होतं. स्वदेशी उद्योगांसाठी त्यांनी पैसा फंड काढला आणि माणशी मागितला फक्त एक पैसा. गरीब असो की श्रीमंत, आकडा ठरलेला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता, आणि त्यातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. आमच्या गादीचं कोटेशन होतं २,४०० रुपये. म्हणजे २४ जणांनी प्रत्येकी शंभर. शंभर रुपये तुम्हीआम्हीसुद्धा एका संध्याकाळी तर्री पोहे आणि चहात घालवतो.

आता स्क्रिप्ट. मी ती मोठ्याने वाचून घड्याळ लावलं. नव्वद सेकंदांत श्वास घेत, मध्ये गप्प राहत बोलायचं तर शंभर-सव्वाशेच्या पलीकडे शब्द बसत नाहीत. माझ्या आधीच्या स्क्रिप्टमध्ये सहाशेच्या वर होते. नवी अशी झाली:

० ते १० सेकंद. दृश्य: गल्लीत साखळीने बांधलेली रिकामी हातगाडी. मागे बाजाराचा आवाज, संगीत नाही.
निवेदन: "ही हातगाडी रोज सकाळी किराणा ओळीत निघायची. गेले काही महिने ती इथेच उभी आहे."

१० ते ३५ सेकंद. दृश्य: भाऊ पलंगावर, चेहरा कॅमेऱ्याकडे. ते स्वतः बोलतात.
भाऊ: "माल उतरवताना पडलो. कंबरेखाली हलता येत नाही. बायको रात्रीतून तीनदा उठून मला कुशीवर वळवते. तरी पाठीला जखम झालीच."

३५ ते ५५ सेकंद. दृश्य: गादीवर दाबलेला हात, पंपाचा बारीक आवाज.
निवेदन: "मग ही हवेची गादी आली. हिचे कप्पे आळीपाळीने फुगतात, एकाच जागी भार राहत नाही. अशा चार गाद्या आमच्याकडे आहेत. चारही वापरात आहेत. तीन घरं वाट पाहत आहेत."

५५ ते ७५ सेकंद. दृश्य: खोलीतली गादीची रिकामी फळी.
निवेदन: "पाचवी गादी २,४०० रुपयांची आहे. तुम्ही शंभर रुपये द्या. तुमच्यासारखे चोवीस जण झाले की ती येईल."

७५ ते ९० सेकंद. दृश्य: साधी पाटी. संस्थेचं नाव, धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, एकच यूपीआय आयडी.
निवेदन: "शंभर रुपये, या एकाच आयडीवर. गादी आली की तिचा फोटो इथेच दाखवू."

एवढंच. काकांना हे दाखवलं तर त्यांचा चेहरा पडला. "ज्यांनी व्हीलचेअर दिल्या त्यांचं नाव काहून नाही? अध्यक्ष काय म्हणतील?" हा प्रश्न तुम्हालाही येणार, आणि तो फालतू नाही. छोटी संस्था आठ-दहा माणसांच्या नात्यावर चालते. माझं उत्तर असं होतं की जुन्या देणगीदारांचे आभार मानायला वेगळं पत्र लिहू, छान लिहू, पण ते नव्या माणसाला मागायच्या वेळी नको. लग्नाच्या पत्रिकेवर कुणी घरखर्चाचा हिशोब छापत नाही. काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरं, मंग पत्र तूच लिहिजो."

पैसे द्यायचा मार्ग एकच का, यावर सगळ्यात जास्त वाद झाला. 'जास्त पर्याय दिले तर जास्त लोक देतील' असं सगळ्यांना वाटतं. पण पहिल्या व्हिडिओतले दोन मोबाइल नंबर म्हणजे दोन माणसांची वैयक्तिक खाती होती. तिथे आलेला पैसा संस्थेचा की त्यांचा, हे दर वेळी समजावून सांगावं लागलं असतं. देणाऱ्याच्या स्क्रीनवरही संस्थेऐवजी कुण्या माणसाचं नाव आलं असतं, आणि तो तिथेच थांबला असता. म्हणून आयडी संस्थेच्या खात्याचीच हवी. व्हिडिओ टाकण्याआधी स्वतः एक रुपया पाठवून बघा, स्क्रीनवर कोणतं नाव येतं ते.

आणि तो क्यूआर कोड! फोनवर व्हिडिओ पाहणारा माणूस त्याच फोनने स्क्रीनवरचा कोड स्कॅन कसा करणार? स्क्रीनशॉट काढा, ॲप उघडा, गॅलरीतून निवडा, तोवर त्याचा विचार बदललेला असतो. कॉलेजच्या सभागृहात पडद्यावर व्हिडिओ दाखवणार असाल तर क्यूआर उत्तम. व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर यूपीआय आयडी मेसेजमध्ये अक्षरांत लिहा, म्हणजे बोट ठेवून कॉपी करता येते. मार्ग एकच ठेवायचा, पण कुठला, ते लोक व्हिडिओ कुठे पाहणार त्यावर ठरतं. त्याच मेसेजमध्ये दोन ओळी आणखी लागतात: पावती हवी असेल तर इथे नाव कळवा, आणि २,४०० पेक्षा जास्त जमले तर ते पुढच्या गादीसाठी वापरू. दुसरी ओळ गाळलीत तर पंचविसाव्या माणसाला तुम्ही काय सांगणार?

एक खड्डा आणखी आहे. असा व्हिडिओ फिरत फिरत अमेरिकेतल्या मामापर्यंत जातो. मामाचा पासपोर्ट भारताचा असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून देत असेल तर अडचण नाही. पण तो तिथला नागरिक झाला असेल तर त्याचे पैसे विदेशी देणगी ठरतात, आणि त्यासाठीची केंद्र सरकारची नोंदणी नसलेल्या संस्थेला ते घेता येत नाहीत. अशा वेळी नम्रपणे नाही म्हणायचं.

आता तुमच्यातले काही म्हणतील, आणि माझ्या वर्गात म्हणालेच, की एका हमालाची गोष्ट दाखवून आपण खरा प्रश्न लपवतो. अंगावर ओझं वाहणाऱ्या माणसाला विमा का नाही, घरी सेवा करायला मदत का मिळत नाही, हे कोण विचारणार? हा आक्षेप मला पटतो. नव्वद सेकंदांचा व्हिडिओ ते विचारू शकत नाही. ते विचारायला बातमी लागते, मोर्चा लागतो, आणि बातमीत आकडे लागतातच. पण बातमीचं काम व्हिडिओवर लादलं की दोन्ही बिघडतात. फक्त एक पथ्य पाळावं: निवडलेली गोष्ट नेहमीसारखी असावी, सगळ्यात भयंकर नव्हे. आमच्या नोंदवहीत भाऊंसारखी बरीच घरं आहेत, म्हणून त्यांची गोष्ट चालते. हजारातलं एखादं प्रकरण शोधून काढलं असतं, तर ती फसवणूक झाली असती.

तुम्हालाही कुणीतरी, कधीतरी म्हणणारच, 'तुम्हा पोरांना मोबाइलवरचं सगळं येतं, आमचा व्हिडिओ करून द्या.' तेव्हा कॅमेरा काढण्याआधी त्यांची नोंदवही मागा. आणि व्हिडिओ झाला की संस्थेशी काही संबंध नसलेल्या दोघांना दाखवून विचारा, 'आता तुम्ही काय करायचं?' मी शहीद चौकात चहा पिणाऱ्या दोन अनोळखी मुलांना विचारलं. एक म्हणाला, "शंभर रुपये टाकायचे, गादीसाठी." दुसरा म्हणाला, "हो, पण गादीचा फोटो टाकजा नक्की."

तो फोटो टाकायचं काम आता माझ्यावर आहे.